गल्ल्यात ९८०, मग नफा किती?

रविवारी शाळेला सुट्टी, म्हणून सातवीतली नात आजीच्या फळांच्या गाडीवर बसते. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून माल आणायचा आणि वस्तीच्या कोपऱ्यावर विकायचा, हा आजीचा जुना धंदा. हिशेब तोंडीच. नातीला मात्र तो वहीत मांडून पाहायचा होता. सोयीसाठी आकडे गोल धरू. धंदा असाच चालतो.

सकाळची खरेदी अशी. पेरूचा २० किलोचा एक क्रेट, ४० रुपये किलोने ८०० रुपये. केळी २० किलो, २० रुपयांनी ४००. टेम्पोतला वाटा आणि हमाली ८०, कागदी पिशव्या २०. एकूण १,३०० रुपये.

केळ्यांत पहिली गंमत आहे. ती घ्यायची किलोवर आणि विकायची डझनावर. शिवाय फण्यांच्या दांड्याचंही वजन आपण विकत घेतो, ते कुणी परत घेत नाही. म्हणून आजी गाडीवर आल्या आल्या केळी मोजते. त्या दिवशी १२ डझन भरली, म्हणजे डझन साधारण ३३ रुपयांना पडलं. लहान केळी आली तर तेवढ्याच वजनात डझन वाढतात, पण गिऱ्हाईक ५० रुपये द्यायला कुरकुर करतं.

पेरू मात्र मोजून भागत नाही, निवडावे लागतात. क्रेटच्या वरच्या थराला भुलायचं नाही, तळाचे दबलेले असतात. आजी त्यांचे तीन ढीग लावते: कडक, आजच जायला हवेत ते, आणि डागी. पिवळा पडलेला, लांबूनच वास येणारा पेरू संध्याकाळपर्यंत मऊ होणार. तो ढिगात राहिला तर शेजारच्यांनाही लवकर पिकवतो, म्हणून वेगळा. नातीने बोटाने दाबून पाहिलं, तर आजी ओरडली, “अगं, दाबू नकोस! तुझ्या बोटाचा डाग मला विकायचाय का?”

दिवस संपला तेव्हा १४ किलो पेरू ७० रुपयांनी गेले होते आणि मऊ पडलेले दोन किलो ४० रुपयांनी. एक किलो फेकला. एक किलो झुकत्या मापात गेला. पारडं थोडं खाली गेल्याशिवाय आजीचं समाधान होत नाही. दोन किलो उरले. केळी नऊ डझन ५० रुपयांनी, सुटी झालेली एक डझन ३० रुपयांनी, दोन डझन शिल्लक.

नातीने गल्ला मोजला: ९८० रुपये. खर्च १,३००. “आजी, आपण तोट्यात!”

“फोनवरचे मोजलेस का?” आजीने विचारलं. क्यूआर कोड मामाच्या खात्याचा, तिथे ६८० जमा झाले होते. आता बेरीज १,६६०, म्हणजे ३६० नफा. पण सकाळी सुट्टे म्हणून ठेवलेले २०० रुपये गल्ल्यातच होते, ते वजा केल्यावर उरले १६०. चाळीतल्या एका काकूंनी ८० रुपयांचे पेरू उधारीवर नेले होते. काकू देणाऱ्यातल्या आहेत, म्हणून ते धरले: २४०. खरी विक्री १,५४०, खर्च १,३००. हा मेळ बसल्यावरच आकड्यावर विश्वास ठेवायचा.

उरलेल्या मालाचं काय? नातीने खरेदीच्या दराने तो सुमारे १४६ रुपयांचा लावला. आजीला ते पटलं नाही. उद्या केळ्यांवर काळे ठिपके येणार, दोन डझनांचे ६० मिळतील. दोन किलो पेरूंतला एकच धड राहील, त्याचे ४०. शिल्लक माल १०० रुपयांचाच धरायचा. शिकलेले हिशेबनीसही असंच करतात: खरेदीची किंमत आणि हाती येईल ती किंमत, यांतली कमी असेल तीच लावायची.

म्हणजे दिवसाचा नफा ३४० रुपये. विकलेल्या मालामागे १,२०० रुपये खर्च झाले, त्यावर शेकडा २८ च्या आसपास. ४० चा पेरू ७० ला, म्हणजे शेकडा ७५ नफा, असं गिऱ्हाईक मनात म्हणतं. मधला फरक फेकलेल्या, झुकलेल्या आणि उतरत्या भावाने गेलेल्या फळांत, हमालीत आणि केळ्यांच्या कमी नफ्यात गेला. आणि या ३४० मध्ये आजीची मजुरी वेगळी धरलेलीच नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंतचे १४ तास मोजले तर तासाला २४-२५ रुपये पडतात. नातीचे तास तर कुणीच मोजत नाही.

“मग उद्या दोन्ही कमी आणू,” नात म्हणाली. आजीने पेरूला नकार दिला. अर्धा क्रेट सुटा घ्यायचा तर दर चढा पडतो, टेम्पोचे पैसे तेवढेच, आणि रिकामी गाडी पाहून माणूस पुढे जातो. केळ्यांचं मात्र तिने ऐकलं. १५ किलोत नऊ डझन येतील, शिल्लक दोन मिळून अकरा. सोमवारी एवढी पुरतात.