चूक की थट्टा? नोंद सांगेल

ट्रान्स सहकाऱ्याला चुकीच्या लिंगाने संबोधायला मराठीत 'तो' किंवा 'ती' म्हणावेच लागते असे नाही. 'काय रे, जेवलास का?' एवढे पुरते. 'रे' आणि 'जेवलास' या दोन शब्दांत समोरची व्यक्ती पुरुष आहे, असे सांगून झालेले असते. त्यामुळे कामाच्या ठिकाणी असा त्रास दिवसातून दहा वेळा होऊ शकतो. तक्रारीत मात्र तो 'मला नीट बोलत नाहीत' एवढाच उरतो आणि अशी तक्रार सहज बाजूला सारली जाते. ती टिकवायची असेल तर नोंद कशी ठेवायची, हे आधी समजून घ्यायला हवे.

समजा, चाकणजवळच्या एका कारखान्याच्या स्टोअर विभागात एक ट्रान्स स्त्री काम करते. ती नोकरीला लागली तेव्हा कागदपत्रांवर जुने, पुरुषाचे नाव होते. आता नाव बदलले आहे, ओळखपत्रही नवे मिळाले आहे. ३ जूनला तिने मॅनेजर आणि विभागातल्या सगळ्यांना मेल केला: यापुढे मला नव्या नावाने हाक मारा आणि स्त्री म्हणून संबोधा.

हा मेल सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे. सवयीने कुणाच्या तोंडून जुने नाव निघू शकते. चूक झाली, सुधारली आणि काम पुढे सुरू झाले, तर तो छळ नव्हे. पण स्पष्ट सांगितल्यानंतरही तेच होत राहिले, विशेषतः चारचौघांत आणि हसण्यासाठी, तर 'चुकून निघालं' हा बचाव लंगडा पडतो. म्हणून कधी आणि कुणाला सांगितले, हे लेखी असायला हवे. तोंडी सांगितले असेल तर त्याच दिवशी छोटा मेल करावा: 'सकाळी आपले बोलणे झाले त्याप्रमाणे...'

आता नोंदीकडे वळू. 'सुपरवायझर रोज त्रास देतात' या वाक्यातून चौकशी करणाऱ्याला काहीच शोधता येत नाही. उपयोगी नोंद अशी असते:

'१२ जून, सकाळी ९.१०, स्टोअरच्या खिडकीपाशी. सुपरवायझर मोठ्याने म्हणाले, "काय रे, आज साडी नाही नेसलास?" पॅकिंगचे दोघे आणि एक ड्रायव्हर तिथे होते. पॅकिंगचे दोघे हसले. मी म्हणाले, "सर, मला रे म्हणू नका, ३ तारखेला मेल केला आहे." ते म्हणाले, "तोंडात बसलंय रे, सोड ना." मी चलन अर्धवट ठेवून बाहेर गेले, दहा मिनिटांनी परत आले.'

तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, हजर माणसे, आपण काय म्हणालो आणि कामावर काय परिणाम झाला, हे सगळे यात आहे. त्यांचा हेतू काय असेल, याचा अंदाज मात्र नाही. तो चौकशीत ठरेल. नोंद त्याच दिवशी करावी आणि नंतर तिच्यात खाडाखोड करू नये. काही आठवले तर नव्या तारखेने खाली जोडावे.

कंपनीचा कारभार इंग्रजीत चालत असेल, तर इथे एक गोष्ट हमखास निसटते. इंग्रजी तक्रारीत 'नेसलास'चे भाषांतर झाले की त्यातले पुल्लिंग गायब होते आणि वाचणाऱ्याला साडीबद्दलचा साधा प्रश्न दिसतो. म्हणून मूळ मराठी वाक्य जसेच्या तसे लिहावे आणि त्यात काय खटकते, ते पुढच्या वाक्यात सांगावे. तोच सुपरवायझर इतर सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत असेल आणि फक्त हिलाच 'काय रे' म्हणत असेल, तर तेही नोंदवावे. वागणुकीतला हा फरक भेदभाव दाखवतो.

व्हॉट्सॲप ग्रुपवर थट्टा झाली तर स्क्रीनशॉटमध्ये ग्रुपचे नाव, पाठवणाऱ्याचे नाव, तारीख आणि मागचेपुढचे मेसेज दिसायला हवेत. मूळ चॅट पुसू नये. प्रकरण पुढे गेले तर ते ज्या फोनवर आले तो फोनही मागितला जाऊ शकतो. नोंदवही ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नये, कारण तो कधीही परत मागितला जाईल. पण कंपनीच्या फायली आणि मेल सरसकट स्वतःच्या खासगी मेलवर पाठवणेही धोक्याचे आहे, त्यावरून उलट कारवाई होऊ शकते. त्याऐवजी मेलची तारीख आणि विषय टिपून ठेवावा. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांनी पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याची मागणी लगेच लेखी करावी.

तक्रार द्यायची कुणाकडे? तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ च्या कलम ९ ने नोकरीत भेदभाव करायला बंदी घातली आणि कलम ११ ने प्रत्येक आस्थापनेला तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक केले. २०२० च्या नियमांनुसार तक्रार मिळाल्यापासून १५ दिवसांत या अधिकाऱ्याने चौकशी करायची असते. कर्मचाऱ्याच्या लिंगओळखीबाबत गुप्तता राखण्याची तरतूदही याच नियमांत आहे. कायद्यात बदल होत असतात, म्हणून कलमाचा आकडा घालण्यापूर्वी सध्याचा मजकूर तपासून घ्यावा.

तक्रार एका पानाची पुरे. सुरुवातीला ३ जूनचा मेल, मग तीन-चार ठळक प्रसंग तारखेच्या क्रमाने, त्यानंतर साक्षीदार आणि शेवटी मागणी. मागणी नेमकी हवी: हे बोलणे थांबवावे, हजेरीपटावरचे जुने नाव काढावे, चौकशी होईपर्यंत कामाचा अहवाल दुसऱ्या वरिष्ठाकडे द्यायची मुभा असावी. प्रत्यक्ष अर्ज दिला तर दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्यावी. तक्रार अधिकारीच नेमलेला नसेल तर त्याचे नाव कळवा, असे कंपनीच्या प्रमुखाला लेखी विचारावे. उत्तर आले नाही, तर तेही फाइलला लागते.

शेरे लैंगिक स्वरूपाचे असतील, शरीराबद्दल घाणेरडे प्रश्न विचारले जात असतील, तर ट्रान्स स्त्रीने २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडेही अर्ज करावा. त्याला शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांची मुदत असते. तो कायदा 'महिलां'साठी लिहिलेला असल्याने ट्रान्स पुरुषाला या वाटेने जाणे अवघड पडते. बाहेर दाद मागायची तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे सल्ला मागता येतो. २०१९ च्या कायद्याच्या कलम १८ मध्ये शाब्दिक आणि भावनिक छळासाठी सहा महिने ते दोन वर्षे कैदेची तरतूद केली गेली, त्यामुळे गंभीर प्रकरणात पोलिसांकडेही जाता येते.

या कायद्याच्या मर्यादाही माहीत असाव्यात. चुकीच्या लिंगाने हाक मारणे हा गुन्हा म्हणून त्यात नाव घेऊन लिहिलेला नाही. तो छळाचा किंवा भेदभावाचा भाग आहे, हे दाखवावे लागते. कलम ९ मोडणाऱ्या कंपनीला किती दंड, हेही २०१९ च्या कायद्याने सांगितलेले नाही. तक्रार अधिकारी बहुधा कंपनीच्याच पगारावर असतो. म्हणून सगळी मदार नोंदीवर येते.

शेजारच्या टेबलावर बसणाऱ्यालाही यात काम आहे. ऐकलेले वाक्य स्वतःच्या वहीत तारखेसह लिहावे, कारण दोघांच्या वेगवेगळ्या नोंदी जुळल्या की 'तिची कल्पना असेल' म्हणता येत नाही. पण तिला न विचारता तिच्या वतीने तक्रार करू नये. ती ट्रान्स आहे हे ज्यांना माहीत नव्हते त्यांनाही त्यातून ते कळेल, आणि ते सांगायचे की नाही हे तिनेच ठरवायचे असते.

तक्रार दिल्यावरही वही बंद करू नये. पाळी बदलली, ओव्हरटाइम बंद झाला, वार्षिक मूल्यांकन अचानक घसरले, तर तारखेसह लिहावे आणि आधीची मूल्यांकने जवळ ठेवावीत. तक्रारीचा सूड बहुतेकदा अशा कागदी निर्णयांतूनच उगवला जातो, आणि आधीचा कागद हाती असेल तरच तो दाखवून देता येतो.