पिन कधी मिळणार? ब्रिटनला नोकरी मागणाऱ्या नर्सचं पत्र

ब्रिटनच्या एनएचएस रुग्णालयात नर्सच्या जागेसाठी आलेले अर्ज बहुतेक वेळा त्या वॉर्डची मॅनेजरच वाचते. ती स्वतः नर्स असते, तिच्या वॉर्डात माणसं कमी असतात आणि भारतातून आलेलं पत्र हाती घेतल्यावर तिला आधी एकच गोष्ट जाणून घ्यायची असते : ही मुलगी माझ्या वॉर्डात नोंदणीकृत नर्स म्हणून कधी उभी राहील? आपल्याकडच्या पत्रांत मात्र पहिला परिच्छेद सेवाभावाला जातो, दुसरा लहानपणापासूनच्या स्वप्नाला, आणि परवान्याची माहिती शेवटी एका ओळीत उरकलेली असते. हा क्रम उलटा हवा, असं माझं ठाम मत आहे.

समजा, अर्जदार मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात सहा वर्षं काम करणारी बी.एस्सी. नर्सिंग झालेली स्टाफ नर्स आहे. पत्र ती अर्थातच इंग्रजीत लिहील. त्याचा आशय इथे मराठीत देतो. सुरुवात अशी असावी : ‘अतिदक्षता विभागातील स्टाफ नर्सच्या जागेसाठी मी अर्ज करत आहे. इंग्रजीची अट, सीबीटी आणि नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची पात्रता तपासणी पूर्ण झाली आहे. ऑस्की परीक्षा तिथे आल्यावर द्यायची आहे. मला व्हिसासाठी प्रायोजकत्व लागेल.’ एवढ्या चार वाक्यांत वाचणाऱ्या मॅनेजरला अर्जदार वाटेवर नेमकी कुठे आहे ते कळतं.

ही वाट थोडी समजून घेऊ. ब्रिटनमध्ये नर्सची नोंदणी हे कौन्सिल करतं, लोक त्याला एनएमसी म्हणतात. इंग्रजीसाठी आयईएलटीएस अकॅडमिकमध्ये वाचन, श्रवण आणि संभाषणात प्रत्येकी 7 आणि लेखनात 6.5 लागतात, त्याऐवजी ओईटी ही आरोग्य क्षेत्रासाठीची परीक्षाही चालते. सीबीटी ही संगणकावरची परीक्षा भारतातच देता येते. तिचा एक भाग औषधांच्या मात्रेच्या गणितांचा असतो, दुसरा रुग्णसेवेच्या ज्ञानाचा. ऑस्की मात्र ब्रिटनमध्येच होते. तिथे दहा टप्प्यांवर प्रत्यक्ष काम करून दाखवावं लागतं. पहिले चार टप्पे एकाच रुग्णाभोवती फिरतात : तपासणी, नियोजन, अंमलबजावणी आणि मूल्यमापन. ती पास होऊन नोंदणी झाली की एक क्रमांक मिळतो, त्याला सगळे पिन म्हणतात. पिन मिळेपर्यंत नोंदणीकृत नर्स म्हणून काम करता येत नाही.

म्हणूनच ‘माझी एनएमसी नोंदणी झाली आहे’ हे वाक्य फार जपून लिहावं. सीबीटी पास झालेल्या कितीतरी जणी उत्साहात तसं लिहून जातात. एनएमसीची नोंदणीयादी कुणालाही इंटरनेटवर पाहता येते, त्यामुळे खरं-खोटं मिनिटभरात कळतं. आणि जिथे अर्जदाराच्या सचोटीचीही तपासणी होते, तिथे असं वाक्य महागात पडतं. उलट, निकालाची तारीख लिहिणं उपयोगाचं आहे, कारण सीबीटीचा निकाल दोनच वर्षं ग्राह्य असतो. तो संपायला किती महिने उरलेत, हे मॅनेजरला हवं असतं.

आता एक खास आपल्याकडची अडचण. लग्नानंतर महाराष्ट्रात मुलीचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, कधी पहिलंही बदलतं. बी.एस्सी.ची गुणपत्रिका आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या नावावर आणि अनुभवपत्रावर दोन्हींचं मिश्रण. आपलं कौन्सिल अर्जदाराच्या नोंदणीचा पडताळा थेट एनएमसीकडे पाठवतं, आणि तिथे नावं जुळली नाहीत की अर्ज अडकतो. कौन्सिलकडचं नाव आधी बदलून घ्यावं, हे उत्तम. तेवढा वेळ नसेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी हाताशी ठेवावी, आणि पत्रात एक सरळ वाक्य घालावं : ‘माझी पदवी आणि भारतातील नोंदणी विवाहापूर्वीच्या नावावर आहे, नावबदलाचे पुरावे सोबत आहेत.’

कामाचा परिच्छेद लिहिताना जाहिरातीसोबत येणारा पात्रतेचा तक्ता समोर ठेवावा. त्यात अत्यावश्यक आणि इष्ट अशा दोन रकान्यांत अपेक्षा दिलेल्या असतात आणि निवड करणारे त्या पाहूनच गुण देतात. ‘मला व्हेंटिलेटरचा अनुभव आहे’ एवढ्याने कुणाचं समाधान होत नाही. मिरजेची नर्स असं लिहू शकते : ‘14 खाटांच्या विभागात मी एका पाळीत दोन ते तीन रुग्ण सांभाळते, त्यांतला एक बहुधा व्हेंटिलेटरवर असतो. एका रात्री रुग्णाचा श्वासाचा वेग वाढत गेला आणि लघवी कमी झाली. मी ते नोंदवून ड्युटीवरच्या डॉक्टरांना लगेच बोलावलं, आणि जंतुसंसर्गाचे उपचार त्याच पाळीत सुरू झाले.’ काय दिसलं, काय केलं, कुणाला कळवलं आणि पुढे काय झालं, हे सगळं यात येतं. ब्रिटनमध्ये व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक नर्स असते आणि रुग्णाला अंघोळ घालणं, भरवणं ही कामं नातेवाइकांवर सोपवली जात नाहीत. हा फरक आपल्याला ठाऊक आहे, हेही एका वाक्यात सांगावं.

स्थलांतराच्या परिच्छेदात तारखांचा हिशेब असावा. ‘माझा नोटीस कालावधी दोन महिन्यांचा आहे, बाँड संपलेला आहे. प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र मिळताच राजीनामा देईन. पहिल्यांदा एकटी येईन. पती आणि मुलगी ऑस्कीनंतर येतील.’ यातलं राजीनाम्याचं वाक्य महत्त्वाचं आहे. मुलाखत झाली म्हणून घाईने नोकरी सोडून महिनोन्‌महिने घरी बसण्याची वेळ पुष्कळ जणींवर येते. हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसासाठी आधी रुग्णालयाकडून प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र यावं लागतं. क्षयरोगाच्या तपासणीचं प्रमाणपत्र सहा महिनेच चालतं, म्हणून तेही फार आधी काढून ठेवू नये. शिवाय नोकरी सुरू झाल्यावर 12 आठवड्यांत ऑस्कीला पहिल्यांदा बसावं लागतं आणि आठ महिन्यांत नोंदणी पूर्ण करावी लागते. हे वेळापत्रक माहीत असलेली नर्स पत्रात ‘ऑस्कीची तयारी सुरू केली आहे’ असं लिहिते, तेव्हा त्या वाक्याला वजन येतं.

2024 पासून एनएचएसची परदेशातून होणारी भरती खूप घटली आहे. कित्येक जाहिराती आता पिन असलेल्यांनाच बोलावतात किंवा प्रायोजकत्व देणार नाही असं स्पष्ट सांगतात. पत्र लिहिण्याआधी त्या दोन ओळी शोधाव्यात. अर्ज एजंटमार्फत जात असेल तर आणखी एक नियम माहीत हवा : ब्रिटनच्या भरतीविषयक आचारसंहितेनुसार नोकरी मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडून शुल्क घेता येत नाही. रुग्णालय विमानभाडं किंवा परीक्षेचं शुल्क भरतं तेव्हा ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडल्यास किती रक्कम परत द्यावी लागेल, हे करारात लिहिलेलं असतं. तो आकडा सहीआधी वाचावा.

पत्राच्या शेवटी संदर्भ देणाऱ्यांची नावं येतात. मेट्रन किंवा नर्सिंग सुपरिटेंडेंट यांचा रुग्णालयाच्या नावाचा ईमेल द्यावा. खासगी जीमेलवरून आलेलं शिफारसपत्र बऱ्याचदा स्वीकारलं जात नाही, आणि अर्ज तिथेच आठवडेच्या आठवडे थांबून राहतो. रुग्णालयाचा ईमेलच नसेल, तर मनुष्यबळ विभागाकडून शिक्क्याचं पत्र आणि तिथला दूरध्वनी क्रमांक आधीच मिळवून ठेवावा.