बाळाच्या छातीवर चोळलेला कापूर

बाळाचं नाक चोंदलं, घशातून घुरघुर ऐकू यायला लागली, की आपल्याकडे घरातलं कुणीतरी उठून मलमाची डबी शोधतं. छातीला, पाठीला, तळपायांना चोळून वर मोजे चढवायचे आणि बोटाला उरलेलं मलम नाकाखाली लावायचं, ही पद्धत इतकी रुळलेली आहे की बाळ दोन महिन्यांचं आहे की दोन वर्षांचं, असा प्रश्नही कुणी विचारत नाही. पण नेमका तोच प्रश्न इथे महत्त्वाचा आहे. कापूर, मेंथॉल आणि नीलगिरीचं तेल असलेलं हे मलम दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नये, असं अमेरिकेत अशा डब्यांवर स्पष्ट छापलेलं असतं. मलम तेच, सर्दी तीच. मग दोन वर्षांची ही रेघ कशासाठी?

उत्तराचा मोठा भाग कापरात आहे. आरतीच्या तबकातला कापूर आपल्याला इतका परिचयाचा आहे, की तो मेंदूवर काम करणारं रसायन आहे हे सहसा मनात येत नाही. 1934 मध्ये हंगेरीतल्या लाडिस्लास मेदुना या मानसोपचारतज्ज्ञाने रुग्णांना मुद्दाम आकडी आणण्यासाठी तेलात विरघळवलेल्या कापराची इंजेक्शनं दिली होती. आकडी आल्याने काही मानसिक आजार बरे होतील, असा त्याचा कयास होता. पुढे त्याने कापूर सोडून दुसरं औषध वापरलं, पण कापराने झटके येतात हे वैद्यकाला तेव्हाही नवं नव्हतं.

कापूर पोटातून, श्वासातून आणि त्वचेतून, अशा तिन्ही वाटांनी शरीरात शिरतो. तो चरबीत सहज विरघळतो, त्यामुळे रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचायला त्याला वेळ लागत नाही. मोठ्या माणसाचं यकृत त्याचं रूप बदलून त्याला लघवीवाटे बाहेर काढतं. तान्ह्या बाळाच्या यकृताला हे काम अजून नीट जमत नसतं. त्यात बाळाचं वजन कमी आणि वजनाच्या मानाने त्वचा जास्त. म्हणजे आईच्या छातीवर आणि बाळाच्या छातीवर सारखाच थर दिला, तरी बाळाच्या वाट्याला दर किलोमागे कितीतरी जास्त कापूर येतो. वर मोजे घालून किंवा दुपट्यात घट्ट गुंडाळून ठेवलं, की तो उडून जाण्याऐवजी त्वचेवरच राहतो.

तरीही अखंड त्वचेतून आत जाणारं प्रमाण थोडंच असतं, हे सांगायला हवं. छातीला एकदा मलम लावलं म्हणून बाळाला आकडी येईलच असं नाही. बहुतेक बाळांना काही होत नाही, आणि म्हणूनच ही सवय टिकून आहे. गंभीर विषबाधा बहुधा तोंडावाटे होते. छातीवरचा हात बाळ तोंडात घालतं, पायाचा अंगठाही चोखतं. रांगायला लागलेलं मूल उशाशी राहिलेली उघडी डबी गाठतं.

एक हिशेब करून पाहू. आपल्याकडच्या अशा मलमात कापूर साधारण पाच टक्के असतो, म्हणजे एक ग्रॅम मलमात पन्नास मिलिग्रॅम. विषबाधेचे तज्ज्ञ एक सोपी मर्यादा पाळतात : दर किलो वजनामागे 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कापूर पोटात गेला असेल, तर लक्षणांची वाट न पाहता मुलाला रुग्णालयात न्यायचं. आठ महिन्यांचं, आठ किलोचं बाळ धरलं, तर ही मर्यादा 240 मिलिग्रॅमवर येते. म्हणजे पाच ग्रॅमपेक्षाही कमी मलम, जेमतेम एक चहाचा चमचा. बोटाला लागलेलं थोडंसं चाटलं असेल तर त्यात दहा-बारा मिलिग्रॅम कापूर असतो. तोंड ओल्या फडक्याने पुसून मुलावर लक्ष ठेवलं तरी पुरतं. डबीत बोटं बुडवून चार-पाच घास खाल्ले असतील, तर मात्र गोष्ट वेगळी.

देवघरातल्या कापराचा हिशेब याहून कठीण आहे, कारण ती वडी जवळपास निव्वळ कापराची असते. अर्ध्या ग्रॅमची वडी म्हणजे पाचशे मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळासाठी मर्यादेच्या दुपटीहून जास्त. एका लहान मुलाचा सुमारे एक ग्रॅम कापराने जीव गेल्याची नोंद वैद्यकीय ग्रंथांत आहे. ओवा आणि कापूर फडक्यात बांधून ती पुरचुंडी बाळाच्या गळ्यात किंवा पाळण्याला अडकवणं, खोबरेल तेल गरम करून त्यात कापूर विरघळवून छातीला लावणं, हे घरगुती उपाय मला मलमापेक्षा जास्त धोक्याचे वाटतात. मलमात कापूर किती आहे हे निदान छापलेलं असतं. घरच्या तेलात किती वड्या पडल्या हे कुणी मोजत नाही. अमेरिकेत पूर्वी 20 टक्के कापराचं तेल बाटलीत मिळायचं आणि एरंडेल समजून ते मुलांना पाजलं जायचं. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने 1980 च्या दशकात ते बाजारातून काढलं आणि औषधांतल्या कापराला 11 टक्क्यांची मर्यादा घातली.

न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्स भागातल्या एका रुग्णालयात दोन आठवड्यांत तीन लहान मुलं आकडी येऊन दाखल झाली. 2009 मध्ये त्यांची हकिकत बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात छापून आली. सुरुवातीला कारणं वेगळीच वाटली होती. लहान मुलाला ताप असताना आकडी आली तर ती तापाची समजण्याकडे डॉक्टरांचाही कल असतो आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. खोदून विचारल्यावर तिन्ही घरांत कापूर निघाला. त्या वस्तीत तो सर्दीवर वापरायचे, धार्मिक कामांसाठी वापरायचे आणि किडे पळवण्यासाठीही घरात ठेवायचे. ही वर्णनं वाचताना आपलीच घरं डोळ्यांपुढे येतात. आपल्याकडेही सर्दी-तापात आकडी आलेल्या मुलाला तपासताना ‘छातीला काही चोळलं होतं का, घरात कापूर आहे का’ हे दर वेळी विचारलं जात नाही. आणि विचारलं, तर सासूबाई किंवा न्हाऊ घालणाऱ्या मावशींना बोल लागेल म्हणून ते दडवलंही जातं.

आता मेंथॉलकडे, म्हणजे पुदिन्याच्या फुलाकडे वळू. त्याचा धोका वेगळा आहे. मेंथॉल नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना चेतवतं, त्यामुळे नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. पण नाकातून जाणारी हवा मोजली, तर वाट तेवढीच अरुंद असते. मोठ्यांना निदान बरं वाटल्याचं समाधान मिळतं. तान्हं बाळ मात्र मुख्यतः नाकानेच श्वास घेतं, आणि तीव्र वास नाकाशी आला तर त्याचा श्वास क्षणभर थांबू शकतो किंवा घसा आवळला जाऊ शकतो. त्याच वर्षी अमेरिकेतल्या दुसऱ्या एका अभ्यासात दीड वर्षाच्या मुलीची हकिकत आली. मलम थेट नाकाखाली लावल्यावर तिला श्वास घेणं अवघड झालं होतं. त्या संशोधकांनी मग फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या श्वासनलिकेवर मलमाचा परिणाम तपासला. कफ जास्त तयार झाला आणि तो पुढे ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांची हालचाल मंदावली. बाळाची श्वासनलिका इतकी बारीक असते, की थोडा जास्तीचा कफही तिला जड जातो. म्हणून नाकाखाली मलम कुठल्याच वयात लावू नये.

डबीवरची यादी वाचताना थोडी काळजी घ्यावी लागते. भारतात ही मलमं बरीचशी आयुर्वेदिक परवान्यावर विकली जातात, त्यामुळे घटकांची नावं कर्पूर, पुदिना के फूल, नीलगिरी तेल अशी असतात. ‘आयुर्वेदिक’ किंवा ‘नैसर्गिक’ या शब्दांनी कापराचा गुण बदलत नाही. ‘बेबी’ लिहिलेल्या काही मलमांत कापूर नसतो आणि ती तीन महिन्यांनंतर वापरण्यासाठी असतात, पण तेही यादी वाचूनच ठरवावं. नीलगिरीचं तेल जास्त पोटात गेलं तर त्यानेही आकडी येते. रुमालावर फोडून हुंगायच्या कॅप्सूलमध्येही बहुधा कापूर आणि मेंथॉल असतं, तीही तान्ह्या बाळाच्या उशाशी नको. दोन वर्षांनंतर मलम लावायचंच असेल, तर छाती आणि पाठीवर पातळ थर पुरे, खरचटलेल्या जागी नको. ज्या मुलाला पूर्वी आकडी आली आहे त्याला वय काहीही असो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. युरोपमध्ये कापरासारखे घटक असलेली गुदद्वारातून द्यायची औषधं अडीच वर्षांखालच्या मुलांना आणि आकडी आलेल्या मुलांना देऊ नयेत असं औषध नियामकांनी सांगितलं, त्यामागे हेच कारण होतं.

मग चोंदलेल्या नाकाचं काय करायचं? औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब दोन-दोन करून दोन्ही नाकपुड्यांत घालायचे, पाजण्याच्या थोडं आधी. मिनिटभराने सुटलेला शेंबूड मऊ कापडाने टिपायचा. अंगावरचं दूध थोडं-थोडं, पण वरचेवर द्यायचं. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखाली मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय (ज्याला आपण पोट उडतंय म्हणतो), बाळ अंगावर पीत नाही, किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आहे : यातलं काहीही दिसलं तर कुठलंही मलम न लावता दवाखाना गाठायचा.

आणि कापूर पोटात गेलाच तर? लक्षणं साधारण पाच मिनिटांपासून दीड तासात दिसू लागतात. तोंडाला कापराचा वास येतो, उलटी होते, मूल विनाकारण अस्वस्थ होतं किंवा सुस्तावतं. पण कधी कधी यातलं काहीच न होता पहिलं लक्षण म्हणून थेट आकडीच येते. याच कारणासाठी मुलाला मीठपाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवायची नाही. उलटी होताना आकडी आली तर ते सगळं श्वासनलिकेत जातं. दूध किंवा तूपही पाजू नये. अंगाला मलम लागलं असेल तर साबण-पाण्याने धुवावं. आकडी आली तर मुलाला कुशीवर वळवावं, दातांत चमचा घालू नये, नाकाशी कांदा किंवा चप्पल धरू नये आणि 108 ला फोन करावा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा 1800 116 117 हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो, सल्ला तिथेही मिळतो. कापराला उतारा म्हणून वेगळं औषध नाही. डॉक्टर आकडी थांबवणारी औषधं देतात, श्वास सांभाळतात आणि विष उतरेपर्यंत मुलाला देखरेखीखाली ठेवतात. वेळेत पोहोचलेली बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. चार तास उलटूनही काही लक्षण दिसलं नाही, तर धोका बहुधा टळलेला असतो.

निघताना मलमाची डबी किंवा कापराची पुडी सोबत घ्यावी, किती कमी झालंय याचा अंदाज आणि मुलाचं वजन लक्षात ठेवावं, आणि कुणी, केव्हा, कुठे काय लावलं हे डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगून टाकावं.