पट्टीपासून पार्सलपर्यंत

आमच्या रत्नागिरीच्या माजघरात भिंतीला एक तार टांगलेली असे आणि तिच्यात मुंबईहून आलेल्या पट्ट्या ओवलेल्या असत. पेट्या किती, भाव काय लागला, त्यातून भाडं, हमाली, तोलाई आणि दलाली किती गेली, हातात किती आले, हे सगळं त्या कागदाच्या चिटोऱ्यावर असे. वडील आधी शेवटचा आकडा वाचत, मग कापलेल्या रकमांवर बोट ठेवून एकेक पेटीचा हिशेब करत. क्रॉफर्ड मार्केटचा घाऊक फळबाजार १९९६ मध्ये वाशीला गेला, तेव्हाही पट्टीचं रूप बदललं नाही. आज आमच्याकडचं आगळ, आमसुलं, आंबापोळी, काजू मोबाईलवरून विकले जातात. तिथली पट्टी पडद्यावर येते आणि ती फारसं कोणी वाचत नाही.

ऑनलाइन बाजाराने कमिशन वाढवलं किंवा पाठवणीचा दर चढवला, की आमच्याकडे दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, कमिशन तीन टक्के वाढलं तर आपणही किंमत तीन टक्के वाढवू. दुसरं म्हणतं, असला बाजारच सोडून द्या, थेट गिऱ्हाईक धरा. ही दोन्ही मतं मांडणाऱ्यांशी मी वर्षानुवर्षं भांडत आलो आहे, कारण दोघांनीही एका बाटलीची पट्टी मांडलेली नसते.

आगळाची एक लिटरची बाटली घ्या. आकडे माझ्या वहीतल्यासारखे, पण सोयीसाठी गोल केले आहेत. मालावरचा कर बाजूला काढून विक्री ३५० रुपये. रातांबे, मीठ, मजुरी, बाटली, लेबल, बुडबुड्यांचं प्लास्टिक आणि खोका मिळून १५५. कमिशन १० टक्के म्हणजे ३५. दर ऑर्डरचं ठरलेलं शुल्क २०. पाठवणी ७५. वाटेत फुटणाऱ्या आणि परत येणाऱ्या बाटल्यांपोटी बाटलीमागे १० धरले, तर उरतात ५५. शुल्कावरचा १८ टक्के जीएसटी नोंदणी असलेल्याला पुढे वजा करून मिळतो आणि बाजार कापून ठेवतो तो करही विवरणपत्र भरल्यावर जमेला येतो. म्हणून त्यांचा इथे पाल्हाळ लावत नाही. मात्र ते पैसे मधल्या काळात अडकून राहतात, हे लक्षात असू द्यावं.

आता कमिशन १३ टक्के झालं आणि पाठवणी ८५. किंमत तीच ठेवली तर कमिशन साडेपंचेचाळीस होतं आणि उरतात साडेचौतीस. बाजाराच्या कागदावर वाढ तीन टक्क्यांची आणि दहा रुपयांची दिसते, पण आपल्या नफ्यातला एक तृतीयांशाहून अधिक वाटा गेलेला असतो. टक्केवारी विक्रीवर लागते आणि नफा मात्र विक्रीचा छोटा तुकडा असतो, म्हणून असं होतं.

मग किंमत किती हवी? तीन टक्क्यांनी वाढवून ३६० केली तर उरतात साधारण ४३. हुशार माणूस म्हणतो, खर्च साडेवीस रुपयांनी वाढला, तेवढेच घालू. तरीही जवळपास पावणेतीन रुपये कमी पडतात, कारण वाढवलेल्या किमतीवरही कमिशन लागतं. रीत अशी: कमिशन सोडून बाकी सगळा खर्च आणि हवा तो नफा यांची बेरीज करा, इथे ती ३२५ आहे, शंभरातून कमिशन वजा करून राहिलेल्या ८७ टक्क्यांनी तिला भागा. उत्तर येतं ३७४ च्या आत-बाहेर. शाळेतलंच गणित, पण करायचं राहून जातं.

किंमत चढवली तर गिऱ्हाईक जाईल, ही भीती रास्त आहे, पण तिलाही आकड्यात बसवता येतं. जुन्या किमतीत शंभर बाटल्या विकल्या तर हाती येतात ३४५०. ३७४ ला तेवढेच हाती यायला त्रेसष्ट बाटल्या पुरतात. म्हणजे शंभरातली सदतीस गिऱ्हाइकं गेली तरी बरोबरी होते. पण उरलेल्या आगळाच्या बरण्या जागा अडवतात, त्यात घातलेले पैसे अडकून पडतात आणि विक्री घटली की बाजाराच्या यादीत आपली वस्तू खाली घसरते. म्हणून मी वाढ एकदम करत नाही. आधी एकाच वस्तूवर करतो आणि तीन-चार आठवडे विक्री पाहतो. आंब्याचा हिशेब वेगळा. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं आणि रत्नागिरीच्या नावासाठी पैसे मोजणारं गिऱ्हाईक आहे. तिथे वाढ पचते. आगळाला कोकणाबाहेर तेवढी ओळख नाही आणि शेजारच्या बाटलीची किंमत त्याच पडद्यावर दिसते.

माझ्या मनातली गोष्ट मात्र याच्याही पलीकडची आहे: किमतीला हात लावण्याआधी खोका बदलून पाहा. दोन बाटल्यांचा जोड ६८० ला ठेवला. माल आणि बांधणी २९५, कमिशन ८८, ठरलेलं शुल्क एकदाच २०, पाठवणी ११५, फुटतुटीचे २०. उरतात १४२, म्हणजे बाटलीमागे ७१. गिऱ्हाइकाला बाटली ३४० ला पडते, पूर्वीपेक्षा दहा रुपये स्वस्त, आणि आपल्याला वाढीच्या आधीपेक्षा सोळा जास्त. पाठवणी वजनाच्या टप्प्याने चढते, बाटल्यांच्या संख्येने नाही. ठरलेलं शुल्क तर ऑर्डरमागे असतं. हा फायदा जोडातच दडलेला आहे.

खोक्याचं दुसरं कारण आकारमान. बहुतेक कुरिअर लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागतात आणि खऱ्या वजनापेक्षा ते जास्त आलं तर त्याचे पैसे घेतात. तळलेल्या गऱ्यांच्या अर्ध्या किलोला ३०, २५, २० चा खोका वापरला की भाडं तीन किलोचं. एका घरी मी टेपने मोजून खोका २५, २०, १२ चा करायला लावला, तर आकारमान सव्वा किलोच्या आत आलं. त्या मंडळींचा दर वाढला नव्हता. तीन महिने त्यांना तो वाढल्यासारखा वाटत होता, कारण बाजाराने खोका मोजायला सुरुवात केली होती. पट्टीत ‘वजन फरक’ अशी ओळ दिसली की आधी टेप काढावी.

२०२५ च्या एप्रिलमध्ये ॲमेझॉनने तीनशे रुपयांच्या आतल्या अनेक वस्तूंवरचं कमिशन शून्य केलं, तेव्हा कित्येकांनी अर्ध्या लिटरच्या बाटल्या काढल्या. कमिशन वाचलं, पण खोका, बांधणी आणि पाठवणी जवळपास पूर्वीइतकीच राहिली. किमतीतला पाठवणीचा वाटा मोठा झाला आणि वाचलेलं त्यातच गेलं.

आता थेट विक्री. फोनवरच्या ऑर्डरीत कमिशन नाही, पण माझं सुट्या गिऱ्हाइकाचं कुरिअर बाटलीला ११० घेतं. बाजाराला घाऊक दर मिळतो, तो मला मिळत नाही. ३५० मधून १५५, ११० आणि फुटतुटीचे १० गेले की उरतात ७५. फोन घेणं, पत्ता उतरवणं, पैसे आले का पाहणं, डाकेची चौकशी, यांचे २५ धरा, उरतात ५०. वाढीच्या आधीचा बाजार पंचावन्न देत होता. त्यामुळे दलाल गेला की त्याचा हिस्सा आपल्या खिशात येतो, असं मला वाटत नाही. त्याचं काम आपल्या डोक्यावर येतं. पुण्याच्या एका सोसायटीत चाळीस बाटल्या एकदम जातात तेव्हा मात्र चित्र पालटतं, आणि अशा ठिकाणी मी थेटच जातो. बाजारातल्या खोक्यात आपल्या नंबराचा कागद टाकून गिऱ्हाईक वळवायला बहुतेक बाजारांच्या अटींत मनाई असते. खातं बंद झालं की सगळंच बुडतं.

दलाली कोणाच्या नावावर लिहिली जाते, यावर भार कोणावर पडतो ते ठरत नाही, हे आम्ही आधीच शिकलो आहोत. २०१६ च्या जुलैत राज्याने फळं-भाजी बाजार समितीच्या बंधनातून मोकळी केली आणि शेतकऱ्याकडची आडत खरेदीदारावर टाकली. माझ्या ओळखीच्या बागायतदारांना पट्टीत ती ओळ गेल्याचा आनंद झाला. पण खरेदीदार बोली लावतानाच आपला खर्च धरून लावतो, हे पुढल्याच हंगामात त्यांच्या लक्षात आलं. ऑनलाइन बाजारात ‘पाठवणी मोफत’ दिसते तिथेही तेच आहे. ती गिऱ्हाइकाच्या किमतीत नाहीतर आपल्या नफ्यात मुरलेली असते.

परवा एका तरुण जोडप्याला मी विचारलं, एका बाटलीमागे काय सुटतं? म्हणाले, महिन्याला खात्यात चांगले पैसे येतात. पुढल्या रविवारी दोघं वही घेऊन आली. आम्ही ओसरीवर बसलो, खोके मोजले आणि सहा वस्तूंच्या पट्ट्या लिहून काढल्या. त्यात आंबापोळीची ओळ उणे सात रुपये निघाली.