सहा धावपटू, एक बेरीज

जपानी एकिदेन शर्यतीत बॅटन नसतो. खांद्यावरचा ‘तासुकी’ पट्टा पुढच्याला द्यायचा. मॅरेथॉनचे 42.195 किलोमीटर सहा जणांत वाटले जातात: 5, 10, 5, 10, 5 आणि 7.195.

समजा, पाच किलोमीटर धावणारे तिघे किलोमीटरला 4 मिनिटे घेतात, दहावाले दोघे 5 मिनिटे आणि शेवटचा साडेचार. प्रत्येकाचे अंतर त्याच्या गतीने गुणायचे, मग बेरीज. तिघांची 60 मिनिटे, दोघांची 100. शेवटच्याचे 7.195 गुणिले 4.5 (4.30 नव्हे, कारण तीस सेकंद म्हणजे अर्धे मिनिट) म्हणजे 32 मिनिटे 23 सेकंद. एकूण 3 तास 12 मिनिटे 23 सेकंद.

सहा गतींची थेट सरासरी काढली, तर 3 तास 6 मिनिटे येतात. सहा मिनिटे कुठे गेली? सरासरीत दहा किलोमीटरवाल्याचे वजन पाचवाल्याइतकेच धरले जाते. मला इथली खरी गंमत टप्पे वाटण्यात दिसते. तिघा वेगवानांपैकी दोघांना दहाचे टप्पे द्या आणि संथ दोघांना पाचचे. त्यांनी गती तशीच टिकवली, तर वेळ 3 तास 2 मिनिटे 23 सेकंदांवर येते. लांब टप्प्यात गती थोडी ढळतेच, म्हणून पाचचा आकडा दहाला जसाच्या तसा लावू नये.