सात कोटी गळाले, तरी उरले किती?

संबंधानंतर उठून उभं राहावं आणि मांडीवरून काहीतरी ओघळावं. आधी दाट पांढरं, थोड्या वेळानं पाण्यासारखं. 'अंगावरून पांढरं जातंय' म्हणून घाबरणाऱ्या बायका असतात आणि 'सगळंच बाहेर आलं, आता दिवस कसे राहणार?' म्हणून खट्टू होणाऱ्याही. दोघींनी जरा हिशेब मांडावा.

एका वेळचं वीर्य 3 मिलिलिटर धरू, म्हणजे पाऊण चमच्याहूनही कमी. मिलिलिटरला 7 कोटी शुक्राणू धरले तर एकूण 21 कोटी. महाराष्ट्राची लोकसंख्या 2011च्या जनगणनेत सव्वाअकरा कोटी होती. इथे जवळजवळ दोन महाराष्ट्र चमच्यात मावले.

गंमत पुढेच आहे. शुक्राणूचं डोकं मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढं लांब आणि शेपूट दोऱ्याहून कितीतरी बारीक. हे 21 कोटी एकत्र दाबून ठेवले तर एका थेंबाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास जागा व्यापतील. म्हणजे जे ओघळतं, ते जवळजवळ सगळं वाहनच असतं, प्रवासी नव्हेत. ते पाणी शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचं, त्यात बाईचा स्वतःचा ओलावाही मिसळलेला. वीर्य बाहेर पडताच जेलीसारखं थिजतं आणि साधारण 15 ते 30 मिनिटांत प्रोस्टेटमधल्या एन्झाइममुळे पातळ होतं. रंग आणि दाटपणा बदलतो तो म्हणून. झोपून राहिलं तर उरलेलं सकाळी उठल्यावर येतं, एवढाच फरक.

1993 साली मँचेस्टर विद्यापीठाच्या रॉबिन बेकर आणि मार्क बेलिस यांनी बायकांकडून हा परत येणारा स्राव गोळा करून मोजला. 94 टक्के वेळा तो आलाच, आणि त्यातून साधारण 35 टक्के शुक्राणू बाहेर पडत. आपल्या हिशेबात ते साडेसात कोटींच्या जवळपास. उरले साडेतेरा कोटी, अजूनही महाराष्ट्रापेक्षा जास्त! त्यातले चपळ काही मिनिटांतच गर्भाशयमुखाच्या चिकट द्रवात शिरलेले असतात. बीजवाहिनीपर्यंत पोचणारे मात्र काही शेच.

त्यामुळे कमरेखाली उशी घेऊन तासभर पडून राहण्याची शिक्षा कुणी भोगू नये. उलट बाजूही तितकीच खरी: गळालं किंवा धुतलं म्हणून गर्भ राहणार नाही, असं समजू नका. मूल नको असेल तर तातडीची गोळी जितक्या लवकर घ्याल तितकी बरी, 72 तासांच्या आत तरी.

कंडोम न फाटता, न निसटता वापरूनही स्राव झाला, तर तो वीर्याचा नाही. आपला ओलावा असेल, किंवा दुसरं काही. दुसऱ्या दिवसानंतरही येत राहिलेला, दह्याच्या चोथ्यासारखा, हिरवट, खाज सुटणारा, माशासारख्या वासाचा, किंवा रक्त नाहीतर ओटीपोटात दुखणं घेऊन येणारा स्राव हा या हिशेबातला नव्हे. तो डॉक्टरांना दाखवायचा.