‘भ्राता’ आणि ‘पिता’ यांतला आघात

संस्कृतात पितर्, पाद, पञ्च. इंग्रजीत फादर, फूट, फाइव्ह. ओठ मिटून हवा अडवणारा ‘प’ सगळ्या जर्मानिक भाषांत फटीतून घासत सुटणारा ‘फ’ झाला. याकोब ग्रिमने 1822 साली हा नियम मांडला.

‘त’ मात्र सरळ वागेना. गॉथिकमध्ये भावाच्या शब्दात तो घर्षक ‘थ’ झाला, बापाच्या शब्दात ‘द’. काही दशकांनी डेन्मार्कच्या कार्ल व्हेर्नरने वैदिक स्वर तपासले. ‘भ्रातर्’मध्ये आघात ‘त’च्या आधी, ‘पितर्’मध्ये नंतर. आघात नंतर आला की घर्षक मऊ होऊन घोष बनतो. पुढे जर्मानिक भाषांत आघात शब्दारंभी सरकला आणि कारण दिसेनासे झाले. पुरावा उरला तो वेदपाठात.

इंग्रजीत दोन्हींकडे आज सारखाच ‘द’ ऐकू येतो, तो नंतरच्या बदलांमुळे. जर्मनमध्ये ‘ब्रूडर’ आणि ‘फाटर’ अजून वेगळे आहेत.